डोंगराच्या दांडावरची शाळा: रेंज, द्राक्षबागा आणि अकरा मुलं – एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या पश्चिम भागातलं, हरसूलकडच्या डोंगरपट्ट्यातलं आहे. काळ जून 2020 ते एप्रिल 2021. गावाचं आणि माणसांची नावं शिक्षिकेच्या विनंतीवरून दिलेली नाहीत, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. मी त्याच भागात शिकवतो. बाईंनी त्या वर्षी ठेवलेली वही मला वाचायला दिली आणि दोन वेळा सविस्तर बसून सगळं सांगितलं. रोज संध्याकाळी डोंगर चढून ऑनलाइन वर्ग घेणाऱ्या शिक्षिकेची गोष्ट म्हणून हे आमच्याकडे सांगितलं जातं. पण मला त्यातला चढण्याचा भाग तेवढा महत्त्वाचा वाटत नाही. त्या वर चढून नेमकं काय करत होत्या आणि ते दर दोन-तीन महिन्यांनी कसं बदलत गेलं, ते शिक्षकांनी वाचण्यासारखं आहे.

## पार्श्वभूमी

शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, द्विशिक्षकी. पट 31. मुलं तीन पाड्यांवरून येतात. मुख्य पाडा ओढ्याच्या काठाला, दुसरा अर्ध्या उतारावर आणि तिसरा पलीकडच्या घळीत. तिन्ही बाजूंनी डोंगर असल्यामुळे गावात कुठल्याच कंपनीची रेंज येत नाही. जवळचा टॉवर बाजाराच्या गावात आहे, पण मध्ये डोंगराचा दांड आडवा येतो. पावसाळ्यात भात, उतारावर नागली आणि वरई. भातकापणी उरकली की निम्मं गाव दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला जातं ते मार्च-एप्रिलपर्यंत. हे दरवर्षीचं आहे.

मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. जूनमध्ये नवं वर्ष ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या धोरणावर सुरू झालं. म्हणजे रोजच्या अभ्यासाच्या लिंक व्हॉट्सअॅपवर यायच्या, दीक्षा अॅपवरचे व्हिडिओ असायचे, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, आणि किती मुलं ऑनलाइन शिकली याची माहिती वरच्या कार्यालयाला कळवायची. बालभारतीची पुस्तकं मात्र मुलांच्या हातात वेळेत पडली होती. या प्रकरणात पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडली ती हीच पुस्तकं.

बाई आठवडाभर गावातच खोली घेऊन राहत. पावसाळ्यात घाटात दरडी येतात म्हणून हा निर्णय त्यांनी आधीच्या वर्षीच घेतला होता. दुसरे गुरुजी वीसेक किलोमीटरवरून येत.

## अडचण

जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाईंनी घरोघरी जाऊन फोनची यादी केली. 31 मुलांच्या घरांत मिळून 12 स्मार्टफोन निघाले, बाकी ठिकाणी बटनाचे फोन, चार घरांत काहीच नाही. स्मार्टफोन वडिलांचा किंवा थोरल्या भावाचा. गावात रेंज नसताना हे फोन कशाला, असं बाहेरच्याला वाटेल. पण ते गाणी ऐकायला आणि फोटो काढायला वापरले जातात. बाजाराच्या दिवशी मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून आणायचं, अशी इथली जुनी पद्धत.

बाई दांडावर पहिल्यांदा चढल्या त्या मुलांना शिकवायला नाही, तर माहिती भरायला. संध्याकाळपर्यंत लिंक भरायची असे, आणि दुपारी आलेला संदेश बघायलासुद्धा वर जावं लागे. पाड्यापासून माथा साधारण चाळीस मिनिटांवर. मग जुलैमध्ये त्यांनी माथ्यावरूनच वर्ग सुरू केला. फोनवर गूगल मीट, वेळ संध्याकाळी सहाची, कारण तोवर फोनवाला माणूस शेतातून घरी आलेला असतो.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट उघड झाली. बाई माथ्यावर, रेंजमध्ये. मुलं खाली पाड्यावर, रेंजबाहेर. वर्गात येत होती ती फक्त मामाच्या गावी किंवा नाशिकला नातेवाइकांकडे अडकलेली तीन-चार मुलं. गावातल्या मुलांना वर्गात यायचं असेल तर त्यांनाही डोंगर चढावा लागणार होता. दोन-तीन दिवस काही पोरं थोरल्या भावांसोबत वर आलीसुद्धा, आणि बाईंपासून दहा हातांवर बसून फोनमध्ये बाईंना बघू लागली. बाईंच्या वहीत त्या दिवशीची नोंद एका ओळीची आहे: “समोर बसलेल्या मुलाशी मी फोनमधून बोलते आहे, हे बंद.”

## पहिला निर्णय: माथा हा वर्ग नाही

बाईंनी ठरवलं की गावातल्या मुलांचा वर्ग गावातच, समोरासमोर. सकाळी एका पाड्यावर बाई, दुसऱ्यावर गुरुजी, तिसऱ्या पाड्यावर एक दिवसाआड. पाच-सहा मुलांचा गट, ओट्यावर किंवा झाडाखाली, अंतर ठेवून, तोंडाला रुमाल बांधून. यासाठी त्यांनी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घेतली आणि पालकांची संमती वहीत लिहून घेतली. त्या काळात गावं बाहेरच्या माणसाला आत येऊ देत नव्हती. बाई गावातच राहत होत्या म्हणून त्यांना अडचण आली नाही, पण गुरुजींना सुरुवातीचे काही आठवडे वेशीवरच थांबवलं गेलं.

माथ्यावर जाणं मग आठवड्यातून तीन संध्याकाळींवर आलं, तेही माहिती भरायला आणि व्हिडिओ उतरवून घ्यायला. उतरवलेले व्हिडिओ गावातल्या 12 फोनांच्या मेमरी कार्डांत भरायचे. लोकांना ही पद्धत गाण्यांमुळे माहीतच होती, त्यामुळे कुणाला काही शिकवावं लागलं नाही. व्हिडिओ मुलांनी किती पाहिले हे मात्र बाईंना सांगता येत नाही. पालक सांगत की पाहतात. दुसऱ्या दिवशी विचारलं की गाणं आणि चित्रं आठवायची, गणित आठवायचं नाही.

याच टप्प्यावर दोन पर्याय सुचवले गेले आणि बाईंनी ते बाजूला ठेवले. ते इतरत्रही सुचवले जातात म्हणून सांगतो. एका हौशी तरुणाने रेंज वाढवणारं यंत्र, म्हणजे रिपीटर, वर्गणी काढून आणू असं म्हटलं. बाजारात ते मिळतं, पण परवान्याशिवाय असं यंत्र लावणं आपल्याकडे बेकायदा आहे, आणि चुकीचं बसवलं तर आजूबाजूच्या टॉवरलाच त्याचा त्रास होतो. दुसरा पर्याय टॉवरच्या मागणीचा. ग्रामसभेचा ठराव झाला, अर्ज गेला. तो आवश्यकच होता, पण त्या वर्षीच्या मुलांना त्याचा उपयोग होणार नव्हता. रेंज नसलेल्या गावांसाठी 4जी टॉवर उभारायच्या केंद्राच्या मोठ्या योजनेला मंजुरी मिळाली तीच जुलै 2022 मध्ये.

## दुसरं वळण: मुलं रेंजमध्ये गेली, बाई राहिल्या

दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर झाली आणि गाव रिकामं होऊ लागलं. 31 पैकी 11 मुलं आईबापांसोबत बागांवर गेली. सात कुटुंबं, सात फोन, त्यांतले चार स्मार्टफोन आणि तीन बटनाचे. काही दिंडोरीकडे, काही निफाडच्या बाजूला, एकूण तीन ठिकाणी.

एरवी अशा मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात. ते दाखवलं की मूल जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. पण त्या वर्षी पहिली ते चौथीच्या शाळा तिकडेही बंदच होत्या. कार्ड दाखवायला दारच नव्हतं.

आणि इथे परिस्थिती उलटी झाली. जुलैत बाई रेंजमध्ये होत्या आणि मुलं नव्हती. आता मुलं रेंजमध्ये होती, कारण बागांच्या भागात फोन व्यवस्थित लागतो, आणि बाई रेंजबाहेर. वीस मुलं गावात असल्यामुळे बाईंना गाव सोडता येत नव्हतं. दांडावरून घेतलेल्या वर्गाला खरा अर्थ आला तो या दिवसापासून. सांगणारे जी गोष्ट सांगतात ती जुलैची. माझ्या मते खरी गोष्ट नोव्हेंबरला सुरू होते.

एका वडिलांनी जाताना वेळ सांगून ठेवली होती: “बाई, आमी सा वाजता सुटतो. फोन माज्याकडंच असतो, त्याच्या आधी लावू नका.” सकाळचा विचार बाईंनी केला होता. पण डिपिंगच्या, म्हणजे द्राक्षांचे घड औषधाच्या द्रावणात बुडवण्याच्या दिवसांत बागेतलं काम भल्या सकाळीच लागतं, आणि उजाडल्यावर बाईंना पाड्यावरच्या गटाकडे पोहोचायचं असे. म्हणजे वर्ग संध्याकाळी सहानंतरच होणार. डिसेंबरच्या सुरुवातीला नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. माथा चाळीस मिनिटांवर, आणि उतरायचं अंधारात.

## मीट का चालेना

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बाईंनी पुन्हा मीट सुरू केलं. चार स्मार्टफोनवरची मुलं दिसायची, त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू यायचं. पण तिकडून सारखी तक्रार, “बाई, तुमचा आवाज तुटतोय.” बाईंच्या फोनवर तर तीन दांड्या दिसत. त्यांना वाटलं, बागेकडची रेंज खराब असेल.

तिढा तिकडे नव्हता, बाईंच्याच बाजूला होता. फोनवर दिसणाऱ्या दांड्या टॉवरकडून आपल्यापर्यंत काय पोहोचतं ते सांगतात. आपलं बोलणं टॉवरपर्यंत पोहोचतं का, ते सांगत नाहीत. टॉवरचा ट्रान्समीटर वीस-चाळीस वॅटचा असतो, हातातला फोन पाव वॅटहूनही कमी ताकदीने बोलतो. लांबच्या टॉवरचं आपल्याला ऐकू येतं, पण आपलं त्याला नीट ऐकू जात नाही. शिकवणाऱ्या माणसाला याचा फटका सगळ्यात जास्त बसतो, कारण त्याला पाठवायचंच जास्त असतं. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्हाला सगळ्यांचं ऐकू येतंय आणि सगळ्यांना तुमचं तुटतंय, तर दोष तुमच्या बाजूच्या पाठवण्यात. एकाच मुलाचं तुटतंय, तर दोष त्या मुलाकडे.

हे बाईंना तालुक्याच्या गावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानदाराने समजावलं. दांड्यांऐवजी आकडा बघायचा, असं त्यानेच दाखवलं. अँड्रॉइड फोनमध्ये Settings, मग About phone, मग SIM status उघडलं की Signal strength समोर dBm मध्ये उणे आकडा दिसतो (फोनच्या कंपनीप्रमाणे वाट थोडी वेगळी असते). -85 च्या आसपास असेल तर उत्तम, -100 च्या पुढे गेला की व्हिडिओ रखडतो, -115 च्या पुढे काही धड चालत नाही. उणे असल्यामुळे आकडा वाढला म्हणजे रेंज घटली, एवढं लक्षात ठेवायचं.

आकडा हाती आल्यावर बाईंनी पुढच्या दोन-तीन संध्याकाळी वर्ग न घेता दांडावर फिरून जागा तपासल्या. दोन गोष्टी कळल्या. माथ्यावर आकडा सगळ्यात चांगला असूनही बोलणं टिकत नव्हतं. तिथून चहूकडचे लांबलांबचे टॉवर दिसतात, फोन एकावरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो आणि प्रत्येक उडीत आवाज तुटतो. माथ्याच्या थोडं खाली, बाजाराच्या गावाकडे तोंड असलेल्या खांद्यावर आकडा चार-पाचाने वाईट, पण स्थिर, कारण पाठीमागचा डोंगर इतर टॉवर झाकतो. दुसरी गोष्ट फोन धरण्याची. फोन मुठीत धरून कानाला लावला की आकडा लगेच घसरे, कारण हात आणि डोकं लहरी शोषतात. दगडावर फोन उभा ठेवून तारेचा इअरफोन लावला की तोच आकडा सावरे.

## तिसरा निर्णय: वर काय न्यायचं नाही

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मधल्या पाड्यावरून बिबट्याने शेळी नेली. समितीच्या अध्यक्षांनी बाईंना स्पष्ट सांगितलं की अंधारात दांडावर जायचं नाही. बाईंनी ऐकलं आणि वर्ग थांबला. पुढे काय करायचं यावर त्यांनी वहीत दोन पानं लिहिली आहेत. या प्रकरणातलं माझ्या दृष्टीने सगळ्यात मोलाचं लिखाण तेच.

बाईंनी स्वतःला विचारलेला प्रश्न असा: बागेवरच्या मुलाकडे पुस्तक आहे, वही आहे. मग माझ्याकडून त्याच्यापर्यंत आणि त्याच्याकडून माझ्यापर्यंत असं काय जायला हवं, जे पुस्तकात नाही? त्यांचं उत्तर होतं, मुलाचं वाचन मला ऐकू यायला हवं, आणि कुठे अडकलं ते त्याला सांगता यायला हवं. एवढंच. त्याला माझा चेहरा दिसायची गरज नाही, फळा दिसायची गरज नाही. आणि हे करायला इंटरनेट लागतच नाही, साधा फोन पुरतो.

साध्या फोनवर कॉन्फरन्स कॉल करता येतो. एक नंबर लावायचा, तो धरून ठेवून दुसरा लावायचा, मग दोन्ही जोडायचे, आणि असं करत साधारण पाच जणांपर्यंत. बटनाच्या फोनवरही तो चालतो, त्यामुळे मीटवर कधीच न आलेले तीन फोन पहिल्यांदा वर्गात आले. फोन बाईच लावणार असल्याने पालकांना खर्च नाही, मात्र त्यांच्या रिचार्जची मुदत चालू असावी लागते, नाहीतर येणारा फोनही बंद.

आणि साध्या बोलण्याला रेंज कमी पुरते. व्हिडिओसाठी खांद्यापर्यंत चढावं लागत होतं. आवाजासाठी त्याहून बरीच खालची, पाड्यापासून पंधरा मिनिटांवरची एक सपाट जागा चालू लागली. तिथे आकडा -108 च्या आसपास, इंटरनेट जवळजवळ नाही, पण फोन लागतो आणि टिकतो. तिथून पाड्याचे दिवे दिसतात, हाक मारली तर ऐकू जाते. समितीच्या अध्यक्षांनी दोन अटींवर होकार दिला: सोबत गावातलं एक माणूस राहील, आणि सव्वासातला खाली उतरायचं. सोबत आलटून-पालटून पालक येत, बहुतेकदा एक आजोबा बॅटरी आणि काठी घेऊन.

## वर्ग कसा चाले

सात फोनांचे दोन गट केले, चार आणि तीन. प्रत्येक गटाला वीस-बावीस मिनिटं. त्यातली सुरुवातीची चार-पाच मिनिटं फोन जोडण्यातच जात. मध्येच कुणाचा कटला तर बाकीचे थांबत नाहीत, बाई गटाचं वाचन चालू ठेवून तो पुन्हा जोडून घेत.

सगळ्यांत मोठा त्रास आवाजांचा. एका ठिकाणी फवारणीचा ब्लोअर चालू असला की तो सगळ्यांच्या कानात. बटनाच्या फोनवर स्वतःचा आवाज बंद करणं मुलांना जमत नव्हतं. म्हणून बाईंनी रोज ठरलेला क्रम लावला. नाव पुकारलं की त्याने बोलायचं, इतरांनी फोनवर तळहात ठेवायचा.

वाचन तपासण्याची त्यांची रीत मला विशेष सांगावीशी वाटते. दुसरी-तिसरीतली मुलं धडा पाठ करतात आणि वाचल्यासारखा म्हणतात. समोर असताना आपण मधल्याच शब्दावर बोट ठेवतो आणि लगेच कळतं. फोनवर बोट ठेवता येत नाही. बाई विचारत, “पान अमुक, वरून चौथी ओळ, शेवटचा शब्द कुठला? आता त्याच्या आधीचा?” उलट्या क्रमाने शब्द विचारले की पाठांतर कामाला येत नाही, मुलाला अक्षरंच वाचावी लागतात. तिसरीतली एक मुलगी धडाधड वाचायची, आणि या प्रश्नाला मात्र बराच वेळ शांत राहायची. तिला जोडाक्षरं येतच नव्हती. आई मागून कुजबुजत सांगायची, हेही तेव्हाच ध्यानात आलं. बाई त्या आईला रागावल्या नाहीत. तिलाच काम दिलं: “ताई, तुम्ही सांगू नका, तिने वाचलेला शब्द वहीत लिहायला लावा. उद्या ती मला तो अक्षर-अक्षर फोडून सांगेल.” पुढे रोज तीन जोडाक्षरं एवढाच त्या मुलीचा अभ्यास.

गणितासाठी बागच घेतली. एका ओळीत किती वेली, अशा किती ओळी, मग एकूण किती. वडील संध्याकाळी उत्तर तपासत, कारण किती वेलींचं काम झालं यावर त्यांचा हिशोब असे. तोंडी गुणाकार त्यामुळे पक्का झाला. हातच्याची वजाबाकी मात्र फोनवर शिकवणं जमलं नाही. मूल चुकतं ते मांडणीत, एककाखाली दशक लिहून, आणि बाईंना मांडणी दिसत नव्हती. स्मार्टफोनवाले वहीचा फोटो पाठवत, तो बाईंना इंटरनेटसाठी पुन्हा खांद्यावर चढूनच उघडता येई. रविवारी दिवसाउजेडी त्या वर जात ते त्याचसाठी.

## नोंदीचा प्रश्न

माहिती पाठवताना ऑनलाइन वर्गाचा स्क्रीनशॉट मागितला जाई. साध्या फोनवरच्या वर्गाचा स्क्रीनशॉट कसला देणार? काही शिक्षक त्या काळात दोन मिनिटं मीट लावून फोटो काढत आणि बंद करत. बाईंपुढेही तो सोपा मार्ग होता. त्यांनी तसं न करता फोनच्या कॉलनोंदीचा फोटो आणि मुलागणिक वाचनाची नोंद असलेलं वहीचं पान पाठवायला सुरुवात केली. आधी ‘हे ऑनलाइन धरता येत नाही’ असं उत्तर आलं. बाईंनी लेखी विचारलं की मग दूरध्वनीद्वारे शिक्षण असा वेगळा रकाना मिळेल का. काही आठवड्यांनी तोंडी सांगितलं गेलं की शेऱ्यात लिहा. त्यांचे ते आठवडे आकडेवारीत रिकामे गेले. पण वहीतल्या नोंदी खऱ्या राहिल्या, आणि पुढे मुलं परत आली तेव्हा कुणाला कुठून सुरू करायचं ते त्याच नोंदींवरून ठरलं.

## निष्पत्ती

11 मुलांपैकी आठ मार्चअखेरपर्यंत टिकली. दोघा भावंडांचं कुटुंब जानेवारीत दुसऱ्या बागेवर गेलं, फोनचं कार्डही बदललं, आणि संपर्क तुटला तो तुटलाच. पहिलीतलं एक मूल फोनवर रमलंच नाही. त्याला अक्षरओळख व्हायची होती, आणि अक्षरओळख ऐकून होत नाही.

मुलं परतू लागली तशी बाईंनी प्रत्येकाला समोर बसवून पुस्तकाबाहेरचा साधा उतारा वाचायला दिला. टिकलेल्या आठही मुलांचं वाचन नोव्हेंबरला होतं तिथून खाली गेलं नव्हतं, आणि पाच जणांचं स्पष्ट पुढे गेलं होतं. जोडाक्षरांवर अडणारी मुलगी उतारा सावकाश पण स्वतः वाचत होती. लेखन सगळ्यांचंच मागे पडलं होतं. वजाबाकीत गावातली मुलं पुढे आणि बागेवरची मागे, हा फरक ठळक होता. दरवर्षी स्थलांतराहून आलेली मुलं वाचनच विसरून येतात, त्या मानाने हे वेगळं वर्ष होतं असं बाईंचं मत आहे. मी त्यात एवढंच जोडेन की आठ मुलांवरून मोठा निष्कर्ष काढू नये.

एप्रिल 2021 च्या सुरुवातीला पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय आला, पाठोपाठ दुसरी लाट आली, आणि गावातले गटही थांबले.

## वेगळं काय करता आलं असतं

बाईंना आणि मला मिळून दोन गोष्टी ठळक वाटतात.

पहिली, संपर्काची. दोन भावंडं हातची गेली ती रेंजमुळे नाही, एकाच नंबरवर भिस्त ठेवल्यामुळे. कुटुंब निघण्याआधी दुसरा नंबर, मुकादमाचा किंवा बागायतदाराचा, घ्यायला हवा होता. पुढच्या हंगामापासून बाई हमी कार्डाच्या मागेच तीन नंबर लिहून घेतात: घरचा, सोबत जाणाऱ्या नातेवाइकाचा आणि बागेवरचा. ठिकाण बदललं तर एक मिसकॉल द्यायचा, एवढं पालकांकडून कबूल करून घेतात.

दुसरी, क्रमाची. लेखन आणि वजाबाकीची मांडणी ही हात धरून शिकवायची कामं. मुलं बागेवर जाणार हे जूनपासून माहीत असतं. मग जून ते ऑक्टोबर या समोरासमोरच्या महिन्यांत जाणाऱ्या मुलांची मांडणी आधी पक्की करायची, आणि वाचन व तोंडी गणित फोनच्या महिन्यांसाठी ठेवायचं. त्या वर्षी सगळ्या मुलांना एकाच क्रमाने शिकवलं गेलं. सोबत चौकटी आखलेल्या कागदांचा गठ्ठा दिला असता, एका चौकटीत एक अंक, तर मुलाला चौकटीगणिक अंक सांगायला लावून मांडणी फोनवरूनही तपासता आली असती. हे बाईंना फेब्रुवारीत सुचलं, तेव्हा कागद पोचवणारं कुणी नव्हतं.

वेळेबाबत आमचं एकमत नाही. मला वाटतं, डिपिंगचे दिवस सोडून सकाळी सातचा वर्ग चालला असता आणि अंधाराचा प्रश्नच मिटला असता. बाईंचं म्हणणं, सकाळी वडिलांच्या डोक्यात दिवसाचं काम असतं, संध्याकाळी ते मुलाशेजारी बसतात, आणि वेलींचा हिशोब तपासणारं माणूस शेजारी नसेल तर वर्ग अर्धाच उरतो. बागेवर शेजारी कोण बसत होतं हे त्यांनी रोज ऐकलं आहे, म्हणून इथे मी त्यांचं म्हणणं खाली पाडत नाही.